पिस्ता: नट, कोय की उललेलं फळ?

*“मुलाच्या पुस्तकात पिस्त्याला ‘नट’ म्हटलंय. मराठीत त्याला काय म्हणायचं, आणि तो खरंच नट आहे का? आणि काही पिस्ते तोंड उघडे, काही घट्ट बंद, असं का?”*

दुकानात आणि स्वयंपाकघरात ‘सुकामेवा’ किंवा ‘कवचफळ’ म्हणा, काही बिघडत नाही. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं मात्र पिस्ता नट नाही. शास्त्रातल्या नटमध्ये फळाची अख्खी भिंतच वाळून टणक होते, गर असा नसतोच. हेझलनट तसा आहे. पिस्ता आहे अश्मगर्भी फळ, म्हणजे बाहेर साल-गर आणि आत कोय असलेलं. आंबा तसाच, आणि दोघं एकाच कुळातले. काजू, बिब्बा, चारोळी हीसुद्धा त्याच घरची मंडळी.

आंबा डोळ्यांपुढे ठेवला की सगळं उलगडतं. झाडावरच्या पिस्त्याला बाहेरून एक मऊसर, पिकताना लालसर होणारं आवरण असतं. ते आंब्याच्या साल-गराच्या जागी. काढणीनंतर ते सोलून टाकतात, म्हणून लक्ष्मीपुरीतल्या दुकानापर्यंत ते पोचत नाही. आपण नखानं उघडतो ते पांढरट कवच म्हणजे कोय, आणि खातो ते हिरवं म्हणजे कोयीतलं बी. आंब्याचं आपण खातो ते पिस्त्याचं फेकून देतात, आणि आंब्याचं फेकतो ते पिस्त्याचं खातो! आजरा-चंदगडकडं काजूला ‘काजूबी’ म्हणतात. तेव्हा पिस्त्याच्या आतल्या हिरव्या भागाला ‘बी’ म्हणायला माझी तरी हरकत नाही.

आता तोंडाचं. पुष्कळांची समजूत असते की पिस्ते भाजताना फुटतात. तसं नाही, ते झाडावरच उलतात. ‘उलणे’ हाच इथं नेमका शब्द: डाळिंब उलतं, थंडीत ओठ उलतात. ‘फुटणे’ म्हटलं की कुणीतरी फोडल्याचा वास येतो.

पिस्त्याची गंमत अशी की घर आधी बांधून होतं आणि राहणारा नंतर वाढतो. कॅलिफोर्नियातल्या बागांत एप्रिलमध्ये फळ धरतं आणि मे संपेपर्यंत कवच पुऱ्या आकाराचं होतं. त्या वेळी आतलं बी टिचभरसुद्धा नसतं. मग कवच टणक होत जातं. बी खरं भरतं ते जूनअखेर ते ऑगस्ट या काळात. भरत भरत ते कवचाला आतून टेकतं, रेटतं आणि कवच शिवणीवर उलतं. सुरुवात टोकाकडून होते आणि देठाकडं दोन्ही पाकळ्या जोडलेल्या राहतात. एक पिस्ता हातात घेऊन बघा, देठाकडं बिजागरी दिसेल. बाहेरचं आवरण बहुधा तेव्हाही शाबूत असतं. तेही सोबत फाटलं तर बुरशी आणि किडीला वाट मिळते, म्हणून तसा माल वाईट.

मग बंद राहणारे कोण? एक, पोकळ: बी सुरुवातीलाच मेलं, पण कवच आपलं वाढतच गेलं. दुसरे, अर्धपोटी: बी आहे, पण कवच रेटण्याइतकं भरलं नाही. भरण्याच्या दिवसांत पाण्याचा ताण पडला किंवा काढणी लवकर केली की असे वाढतात. जातीचाही हात असतो.

गेल्या आठवड्यात मी पाव किलो पिस्त्यांतले बंद तेवढे निवडले. अकरा निघाले. अडकित्त्यानं फोडले तर दोन पोकळ आणि नवांत बारीक, सुरकुतलेलं बी. बायको म्हणाली, “एवढ्यासाठी अडकित्ता बोथट केलात?” उघड्यांत मात्र बी कवचाला भिडून बसलेलं होतं.

शब्दांचा खरा खजिना इराणात आहे. ‘पिस्ता’ हा शब्दही फारसीतूनच आलेला. तिथं उललेल्या पिस्त्याला ‘खंदान’ म्हणतात, म्हणजे हसरा. बंद राहिलेला ‘दहान-बस्त’, तोंड बांधलेला. यातला ‘बस्त’ आपल्या ‘बंदोबस्ता’त ठाण मांडून बसलाय. तिसरा प्रकार ‘आबखंदान’: बंद पिस्ते पाण्यात भिजवून यंत्रानं उघडतात, म्हणजे पाण्यानं हसवलेला. ‘आब’ म्हणजे पाणी, पंजाबातला आणि गुलाबातला. हा हसवलेला ओळखायचा तर फटीची कड बघायची. आपणहून उललेल्याची कड शिवणीवर सरळ, गुळगुळीत असते. यंत्रानं उघडलेल्याची पुष्कळदा खरबरीत किंवा टवका उडालेली असते, आणि आतलं बी लहान निघतं.