अक्षरं दिसतात, पण ऐकू येत नाहीत

आमचं येवल्यात पैठणीचं दुकान आहे. एक अंध ताई म्हणाल्या, "तुमच्या साइटवरचं इंग्रजी वाचलं जातं, मराठी आलं की आवाज गप्प." मजकूर तर युनिकोडमध्येच आहे. मग असं का होतं?

पानावर Ctrl+U दाबा आणि वरच्या ओळी बघा. तिथे बहुधा lang="en" सापडेल, कारण तयार थीम तशीच येते. अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर ही खूण बघून आवाज निवडतो. इंग्रजी आवाजाला देवनागरी येत नसेल तर तो ती गाळतो किंवा एकेक अक्षर सुटं म्हणतो. तिथे हे हवं:

```html
<html lang="mr">
```

वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जमधल्या 'जनरल'मध्ये साइटची भाषा मराठी केली की बहुतेक थीम ही खूण आपोआप बदलतात. hi मात्र ठेवू नका, मराठी मजकूर हिंदी वळणाने वाचला जातो. अर्थात, ग्राहकाच्या यंत्रात मराठी आवाज हवाच. विंडोजवरच्या NVDA या मोफत स्क्रीन रीडरसोबत येणाऱ्या eSpeak NG मध्ये तो आहे. थोडा यांत्रिक वाटतो, पण ऐकणाऱ्यांना त्याची सवय असते.

नाशिकरोडच्या आमच्या सोसायटीच्या जुन्या नोटिसा पीडीएफ करून साइटवर टाकल्यात. त्या वाचता येतील का?

एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. 'नाशिक'च्या जागी हे आलं, तर नोटीस कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली आहे:

```
ukf'kd
```

फाइलमध्ये खरोखर ही इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फाँट त्यांना फक्त देवनागरीचं रूप देतो. स्क्रीन रीडरला फाँट दिसत नाही, तो ही अक्षरंच वाचतो. ती वेलांटीही बघा: f हे 'श'च्या आधी आलंय, कारण जुन्या फाँटमध्ये दिसतं त्या क्रमाने टाइप करतात. युनिकोडमध्ये ती 'श'नंतर साठवली जाते. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर वापरल्यावर ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार डोळ्यांखालून घालाच, चुका तिथेच होतात. आणि कन्व्हर्टर त्याच फाँटचा हवा, श्रीलिपीला कृतिदेवाचा चालणार नाही.

ओळ निवडताच येत नसेल तर तो नुसता स्कॅन आहे. दोन-चार पानं असतील तर सरळ युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा. ओसीआरने चित्रातली अक्षरं ओळखून घेऊन ती तपासत बसण्यापेक्षा ते लवकर होतं. आणि नोटीस पीडीएफमध्येच हवी असा हट्ट कशाला? साध्या पानावर टाका.

बेदाण्याच्या ऑर्डरचा फॉर्म आहे, पण अंध ग्राहक मधेच सोडून देतात. काय चुकतंय?

रकान्याच्या आत फिकट अक्षरांत 'मोबाइल नंबर' लिहून भागवलं असेल. काही टाइप केलं की ते पुसलं जातं, आणि भरलेलं तपासायला मागे आलेल्याला रकाना कशाचा हे कळेलच याचा भरवसा नाही. लेबल स्वतंत्र द्या आणि for व id जुळवा:

```html
<label for="mob">मोबाइल नंबर</label>
<input id="mob" type="tel">
```

मग NVDA लावून, स्क्रीन बंद करून, नुसत्या Tab वर एक किलोची ऑर्डर देऊन बघा. एखाद्या रकान्यावर नाव न सांगता फक्त 'edit' ऐकू आलं, तर तिथलं लेबल द्यायचं राहिलंय.