नात्यांचा पाठ: छापील झाड नको, आधी हाक

प्रश्न: दुसरीला नाती आणि कुटुंबवृक्ष घ्यायचाय. वर्गात एक मुलगा फक्त आईबरोबर राहतो आणि दोन मुली मोठ्या एकत्र कुटुंबातल्या आहेत. कोणाला वाईट न वाटता कसं घेऊ?

मी पहिल्या वर्षी छापील झाड वाटलं होतं. खाली ‘मी’, वर आई-वडील, त्यावर चार आजी-आजोबा. एका मुलाने ‘वडील’ची रिकामी चौकट खोडरबरने इतकी घासली की कागद फाटला. एका मुलीच्या घरात चौदा माणसं होती, ती मागच्या पानावर गेली. तेव्हापासून शब्द आणि झाड मी वेगळे शिकवते.

पहिल्या तासाला कोणाच्याही घराबद्दल विचारायचं नाही. फळ्यावर चिंगी नावाच्या मुलीचं कुटुंब काढते आणि कोड्यांसारखं विचारते, ‘चिंगीच्या आईचा भाऊ तिचा कोण?’ मामा. आईची बहीण मावशी, बाबांची बहीण आत्या, बाबांचा भाऊ काका. ‘काका’वर मुलं अडखळतात, कारण शेजारचेही काका आणि मावशीचे यजमानही काकाच. अशा वेळी ‘कोणाचा कोण?’ असं विचारत न्यायचं, म्हणजे गोंधळ सुटतो. चुलत, मामे, आते, मावस हे तोंडओळखीपुरतं. वडिलांकडचं कोणी माहीत नसलेल्या मुलालाही आत्या हा शब्द चिंगीमुळे येतो, हा याचा खरा फायदा.

दुसऱ्या तासाला कोरा कागद द्यायचा. मधोमध ‘मी’, भोवती मुलाला हवी ती माणसं. छोट्या चिठ्ठ्यांवर आधी घरातली हाक लिहायची, खाली नातं. हाक आधी का, तर एकत्र घरात ती वेगळीच असते. माझ्याकडे एकीने ‘वहिनी’ लिहून खाली ‘आई’ लिहिलं. काका आईला वहिनी म्हणत, म्हणून तीही म्हणे. ते चूक धरलं असतं तर तिच्या घरालाच चूक म्हटल्यासारखं झालं असतं. चिठ्ठ्या सरकवता येतात, त्यामुळे चौदा माणसंही मावतात. आजीला मधे ठेवायचं असेल तर ठेवू द्या.

फक्त आईबरोबर राहणाऱ्या मुलाला ‘बाबा कुठे?’ असं वर्गात विचारू नका. वारले असतील, वेगळे राहत असतील, कामासाठी दूर असतील, कारण त्याने सांगायची गरज नाही. त्याला बाबांची चिठ्ठी लावायची असेल तर लावू दे, नसेल तर नको. आदल्या दिवशी आईला मात्र एकटीला गाठून विचारा, ‘उद्या हा विषय आहे, काय टाळू?’ वर्गासमोर झाड दाखवणं ऐच्छिक ठेवा, आणि घरून फोटो आणायला सांगू नका. एखाद्या घरात एकच जुना फोटो असतो, एखाद्या घरात तो बघवत नाही.