दसऱ्याच्या शुभेच्छेत म्हण कशी बसवावी

चिरंजीव लेकी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मजकूर वाचला. घरच्या मंडळींना आणि पतसंस्थेच्या सभासदांना पाठवायला तू एकच ओळ केली आहेस: ‘थेंबे थेंबे तळे साचे, तसेच आपल्या जीवनात सुखाचे तळे साचो! विजयादशमीच्या हार्दिक शुभेच्छा!’ शुभेच्छेत म्हण घ्यावीशी वाटली, हे मला फार आवडलं. पण ही ओळ कुणाच्या मनात राहणार नाही. का राहणार नाही ते आधी सांगते, मग दुसरी ओळ आपण मिळून करू.

या ओळीतला ‘विजयादशमी’ शब्द काढ आणि तिथे ‘गुढीपाडवा’ घालून वाच. काही बिघडलं का? ‘वाढदिवस’ घातला तरी चालतंय. म्हणजे या म्हणीचा दसऱ्याशी काही संबंधच नाही, ती नुसती वर चिकटवली आहे. शिवाय ‘तसेच’ हा शब्द बघ. म्हण आणि शुभेच्छा आपण होऊन जुळत नाहीत तेव्हाच अशी दोरी बांधावी लागते. ‘तसेच’, ‘त्याप्रमाणे’, ‘म्हणतात ना की’ यांपैकी काही लिहावं लागलं, तर म्हण बदलायची वेळ आली असं समज.

मग दसऱ्याची म्हण कुठली? आधी म्हणी आठवत बसू नकोस, आधी सण डोळ्यांपुढे आण. दसऱ्याला काय काय असतं? आपट्याची पानं, त्यांना सोनं म्हणणं, संध्याकाळचं सीमोल्लंघन, शस्त्रांची आणि पाटी-पुस्तकांची पूजा, रावणावरचा विजय. आता यातल्या वस्तू कुठल्या म्हणीत सापडतात ते बघ. सोनं आणि रावण एकत्र म्हटलं की मला लगेच आठवते ती ‘लंकेत सोन्याच्या विटा’. दूर कुठेतरी मोठी श्रीमंती आहे, पण आपल्याला तिचा काय उपयोग, असा तिचा अर्थ. सोनं आहे, लंका आहे, आणि दसरा हा त्याच लंकेच्या राजाच्या पराभवाचा दिवस आहे. म्हणीतली वस्तू आणि सणातली वस्तू एकच निघाली, की दोरी लागत नाही.

पण इथे एक अडचण आहे, आणि ती बहुतेक मराठी म्हणींची आहे. आपल्या पुष्कळ म्हणी टोमणा मारायला, नाहीतर हळहळ व्यक्त करायला जन्मल्या आहेत. ‘गाढवाला गुळाची चव काय’ ही संक्रांतीच्या शुभेच्छेत घातलीस, तर गूळ तुझ्या हातात आणि गाढव कोण, हे वाचणारा आपसूक ठरवेल. लंकेच्या म्हणीत टोमणा नाही, हळहळ आहे: तिथे ढीगभर आहे आणि आपल्याकडे काही नाही. हळहळ तशीच राहिली तर शुभेच्छा रडकी होते. हे बघ:

‘लंकेत सोन्याच्या विटा, आपल्या दारी आपट्याची पानं.’

वाचायला ठीक वाटतं, पण अर्थ काय निघतो? त्यांच्याकडे विटा आणि आपल्याकडे नुसता पाला. सणाच्या दिवशी कुणाला हे ऐकायचं नसतं. आता यात ‘असू देत’ हे दोन शब्द घाल आणि पुढचा भाग जरा फिरव:

‘लंकेत सोन्याच्या विटा असू देत, आपलं सोनं आपट्याच्या पानात.’

‘असू देत’ने सगळं फिरलं. म्हण नाकारली नाही, तिच्याशी भांडणही केलं नाही. तिचं म्हणणं मान्य केलं आणि आपण आपल्या वाटेने पुढे निघालो. जुन्या म्हणीला नवी कलाटणी द्यायची मला माहीत असलेली ही सगळ्यात भरवशाची रीत: म्हणीचे शब्द जसेच्या तसे ठेवायचे आणि तिला उत्तर द्यायचं. शब्द बदलायचा मोह सगळ्यांनाच होतो. ‘घरोघरी मातीच्या चुली’चं ‘घरोघरी मातीच्या पणत्या’ करून दिवाळीला पाठवणारे पुष्कळ आहेत. तिथे कान मूळ म्हण ऐकतोच, आणि तिच्यामागून ‘सगळ्यांच्या घरी तीच रड’ हा जुना अर्थही आत येतो. शिवाय ज्याला मूळ म्हण ठाऊक नाही त्याला त्यात गंमत काय ते कळतच नाही. लंकेच्या ओळीचं तसं नाही. म्हण कधी न ऐकलेल्या मुलालाही सोन्याची लंका माहीत असते, त्यामुळे त्याच्यापुरतं वाक्य पूर्ण असतं. ज्याला म्हण माहीत आहे त्याला वर थोडी मजा मिळते, इतकंच.

अजून एक पाऊल पुढे जाऊ. ‘पानात’ इथे वाक्य थांबतं खरं, पण ते टेकत नाही, कारण शेवटी क्रियापद नाही. लंकेकडे विटा आहेत, म्हणजे आकार आहे, वजन आहे. मग आपल्या बाजूला लहानपणच दाखवू या:

‘लंकेत सोन्याच्या विटा असू देत, आपलं सोनं आपट्याच्या एका पानात मावतं. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.’

‘एका’ आणि ‘मावतं’ हे दोन शब्द मला फार मोलाचे वाटतात. वीट मोठी आणि पान तळहाताएवढंही नाही, तरी सोनं त्यात मावतं. शिवाय ‘एका पानात’ म्हटल्याने आणखी एक चांगलं होतं. दसऱ्याला आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात आणि आपटा मिळाला नाही की बाजारात कांचनाची पानं त्याच नावाने विकली जातात. झाडाची काळजी असणारी माणसं तुझ्याही ओळखीत असतीलच. त्यांना ही ओळ खटकणार नाही.

शेवटी ‘हार्दिक शुभेच्छा’ मुद्दाम ठेवलं नाही. ‘सोनं घ्या’ हीच दसऱ्याची शुभेच्छा आहे आणि ती बोलीतली आहे. ‘असू देत’, ‘मावतं’ अशा घरगुती बोलण्याच्या शेजारी ‘उत्तरोत्तर प्रगती होवो’ बसवलंस तर दोन वेगळी माणसं बोलतायत असं वाटेल. म्हणीला अवतरणचिन्हंही देऊ नकोस. ती दिली की वाचणाऱ्याला कळतं, आता म्हण येतेय, आणि ओळखण्याचा आनंद त्याच्या हातून जातो. उद्गारचिन्ह नको, सोन्याच्या नाण्यांची चित्रंही नकोत. मग ओळ मोठ्याने म्हणून बघ. पहिलं वाक्य एका श्वासात संपायला हवं, आणि ते संपतं.

आता ही कुणाला पाठवायची? घरच्यांच्या ग्रुपवर, मैत्रिणींना, शेजारच्या काकूंना खुशाल पाठव. तुझ्या परदेशातल्या दादाला मात्र पाठवू नकोस. त्याच्या बाबतीत ‘लंका’ म्हणजे तो राहतो ते ठिकाण होतं, आणि ‘असू देत’मध्ये त्याला ‘तुझे पैसे तुझ्यापाशी’ असं ऐकू येऊ शकतं. त्याला म्हणीशिवाय लिही: ‘तुझ्या वाटणीचं पान देवापाशी ठेवलंय.’ ज्या घरी वर्षभरात कुणी गेलं आहे आणि सण नाही, तिथे कुठलीच म्हण नको. फोन कर, तेवढं पुरे.

पतसंस्थेच्या कार्डावर तर ही ओळ मुळीच चालणार नाही. तुमच्याकडे सोनेतारण कर्ज आहे. ज्या बाईचं मंगळसूत्र तुमच्या तिजोरीत आहे, तिच्या हातात ‘आपलं सोनं एका पानात मावतं’ असं कार्ड पडलं तर तिला काय वाटेल? शब्द तेच, पण ते संस्थेच्या तोंडी आले की बोचतात. ‘सोनं लुटणं’ हा दसऱ्याचा अगदी अस्सल शब्दप्रयोग, तोही ठेवीदारांच्या कार्डावर कटाक्षाने टाळ. आणि दिवाळीसाठी ‘दिव्याखाली अंधार’ घेण्याचा विचार मनात आलाच, तर तोही संस्थेपुरता सोडून दे. लोकांचे पैसे सांभाळणाऱ्याने अंधाराचा विषयच काढू नये.

कार्डासाठी टोमणा नसलेली म्हण लागेल, म्हणजे ती फिरवावीही लागणार नाही. पुन्हा सणाकडे बघ. सीमोल्लंघनाला पूर्वीपासून गावातली माणसं मिळून शिवेकडे जातात, तिथे आपट्याची किंवा शमीची पूजा होते आणि परत आल्यावर एकमेकांना सोनं दिलं जातं. एकट्याने करायचा हा सोहळा नव्हे. तुमची संस्था सहकारी, पैसा उभा राहतो तो सभासदांचा. म्हणून हे घे:

‘गाव करी ते राव न करी, म्हणून तर सीमोल्लंघनाला अख्खं गाव निघतं.’

इथे सण म्हणीची साक्ष देतो. ‘म्हणून तर’ हे शब्द बघायला ‘तसेच’सारखेच जोडणारे, पण ते खरं कारण सांगतात, त्यामुळे दोरी वाटत नाहीत. ‘विजयादशमी’ काढून ‘पाडवा’ घालायची मघाची परीक्षा इथे करून बघ. सीमोल्लंघन दुसऱ्या सणाला जातच नाही. संस्थेचं नाव वाक्यात ओढू नकोस. ‘आमच्या संस्थेसारखं’ असं काही घातलंस की शुभेच्छेची जाहिरात झाली. अध्यक्षांना ‘सर्व सभासद, ठेवीदार, कर्जदार व हितचिंतकांना’ ही ओळ हवीच असेल. ती खाली, वेगळ्या ओळीत, लहान अक्षरांत जाऊ दे आणि त्या ओळीतच त्यांच्या ‘हार्दिक शुभेच्छा’ही बसतील. वरची ओळ छापखान्यात मोडली तर स्वल्पविरामापाशीच मोडू दे, ‘राव’ आणि ‘न करी’ यांच्यात नको. प्रूफ आलं की ते स्वतः बघ.

घरच्या दिवाळीसाठी मात्र ‘दिव्याखाली अंधार’ अवश्य घे, मला ती म्हण तिथे फार साजेशी वाटते. उंबऱ्यावर एक पणती लाव, तिच्या बुडाशी सावली दिसेल. थोड्या अंतरावर दुसरी लाव, पहिलीच्या बुडाशी उजेड येतो. उत्तर तिथेच आहे: ‘दिव्याखाली अंधार असायचाच, म्हणून तर शेजारी दुसरा दिवा लावायचा.’ हे मी नुसतं सुचवते आहे. तुझ्या घरच्या बोलीत ते कसं म्हणतात तसं करून घे, ‘असायचाच’ ठेवायचं की ‘असतोच’ ते तू मोठ्याने म्हणून ठरव, आणि कुणाकुणाला पाठवणार त्यांची नावं मजकुराशेजारी लिहून मला दाखव. कार्डाचा मजकूर छापायला जाण्याआधी तुमच्या सोनेतारणाच्या टेबलावर बसणाऱ्या ताईंनाही एकदा वाचायला दे. कोण काय मनाला लावून घेईल, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

कळावे,
तुझी मावशी