आधी मुलाखत, मग हात

जळगावकडच्या कुंभारदादांवर फिल्म करतोयस ना, मग पहिल्याच दिवशी चाकामागे धावू नकोस. आधी मुलाखत घे आणि रात्री ती ऐकत कागदावर त्यांच्या बोलण्यातल्या वस्तू नि क्रिया उतरव. मांडे भाजायचं खापर, दोरा, चोपणं, भांडी भाजायचा आवा. दुसऱ्या दिवशीची शॉटलिस्ट त्यातूनच निघते.

हिशोब साधा आहे. चार मिनिटांच्या मुलाखतीत बारा ठिकाणी वाक्यं कापलीस, तर बारा जोड दुसऱ्या शॉटने झाकायचे. तीनातला एकच शॉट कामाचा निघतो, म्हणून छत्तीस तरी घे. प्रत्येक शॉटमध्ये दहा सेकंद कॅमेरा हलवू नकोस. क्रिया सुरू व्हायच्या आधी रोल कर आणि संपल्यावर थोडं थांब.

माझ्या पहिल्या फिल्ममध्ये नुसते हातच हात होते. सगळे सुंदर, पण एकाला लागून दुसरा लावला की जागेवर उडी मारल्यासारखं दिसे. म्हणून दोऱ्याने भांडं चाकावरून सुटतं तेव्हा हात, दादांची नजर, खांद्यावरून दिसणारं चाक आणि लांबून अख्खं अंगण, असे चारही घे. शिवाय कुणीच काही करत नाहीये असे दोन-तीन: सावलीत वाळणारी खापरं, ओल्या मातीची बादली. ते कुठेही बसतात.

ओलं आणि वाळलेलं भांडं मात्र एकाच प्रसंगात मिसळू नकोस, रंगावरून लगेच कळतं. आवा पेटवतात तो दिवस आधी विचारून ठेव. चाक पुन्हा फिरवून दाखवतील, आवा नाही.