फोटोत कापला गेलेला n

प्रश्न : सर, मैत्रिणीने पुस्तकातल्या गणिताचा फोटो पाठवला, तोच सोबत जोडतेय. 1² + 3² + 5² + … + (2n − 1)² = (2n − 1)(2n + 1)/3 हे इंडक्शनने सिद्ध करायचंय. n = 1 ला जुळतं, पण k वरून k + 1 वर जाताना उत्तर येतच नाही. माझं कुठे चुकतंय? (अकरावी, विज्ञान)

उत्तर : तुझी आकडेमोड बरोबर आहे. सूत्रच अर्धवट आहे. फोटो मोठा करून बघ. उजवी बाजू नव्या ओळीवर सुरू होते आणि फोटोची डावी कड नेमकी तिथेच कापली गेली आहे. अपूर्णांकाची आडवी रेघ पहिल्या कंसाच्याही डावीकडे जाऊन कडेला टेकलेली दिसते. म्हणजे त्या रेघेवर आणखी काहीतरी होतं.

फोटो मिळाला की पहिल्यांदा n = 1, 2, 3 घालून पाहायची सवय लाव. डाव्या बाजूची बेरीज अनुक्रमे 1, 10 आणि 35 येते. तुझ्या सूत्राने 1, 5 आणि 35/3 येते. आता पहिल्या आकड्यांना दुसऱ्यांनी भागलंस तर 1, 2, 3 मिळतात. चौथ्यालाही पाहा: बेरीज 84, सूत्राने 21, भागाकार 4. हरवलेला अवयव n आहे, आणि खरं सूत्र n(2n − 1)(2n + 1)/3. n = 1 ला गुणाकारातला n एकच असल्यामुळे त्याची अनुपस्थिती कळली नाही.

तू जिथे अडलीस ती जागाही हेच सांगत होती. अर्धवट सूत्र गृहीत धरून पुढचं पद (2k + 1)² मिळवलं की (2k + 1)(8k + 2)/3 येतं. हवं होतं (2k + 1)(2k + 3)/3. ही दोन्ही समान व्हायला k = 1/6 लागेल, आणि k तर नैसर्गिक संख्या आहे. अशा वेळी पानं खरडत बसू नकोस, प्रश्न पुन्हा वाच.

आता पूर्ण सूत्राची सिद्धता. विधानाला P(n) म्हणू.

आधार पायरी. n = 1 असताना डावी बाजू 1² = 1 आणि उजवी बाजू 1 × 1 × 3/3 = 1. म्हणून P(1) सत्य आहे.

गृहीतक. एखाद्या नैसर्गिक संख्या k साठी P(k) सत्य आहे असे मानू, म्हणजे
1² + 3² + … + (2k − 1)² = k(2k − 1)(2k + 1)/3.

विगमनाची पायरी. P(k + 1) सत्य आहे हे दाखवायचे आहे, म्हणजे
1² + 3² + … + (2k + 1)² = (k + 1)(2k + 1)(2k + 3)/3.

डावी बाजू
= [1² + 3² + … + (2k − 1)²] + (2k + 1)²
= k(2k − 1)(2k + 1)/3 + (2k + 1)² … (गृहीतकावरून)
= (2k + 1)[k(2k − 1) + 3(2k + 1)]/3
= (2k + 1)(2k² + 5k + 3)/3
= (2k + 1)(k + 1)(2k + 3)/3 = उजवी बाजू.

P(1) सत्य आहे आणि P(k) वरून P(k + 1) मिळते, म्हणून सर्व नैसर्गिक n साठी P(n) सत्य आहे.

यात दोन जागी मुलं घसरतात. पहिली म्हणजे पुढचं पद. 2n − 1 मध्ये n च्या जागी अख्खा k + 1 कंसासकट ठेवायचा: 2(k + 1) − 1 = 2k + 1. घाईत 2k − 1 मध्ये नुसता 1 मिळवून 2k लिहिलं जातं, मग विषम संख्यांच्या रांगेत सम संख्या शिरते. दुसरी जागा म्हणजे कंस सोडवण्याची घाई. (2k + 1) सामाईक काढला की आत वर्गपदी उरते आणि तिचे अवयव लगेच पडतात. सगळं फोडून गुणलंस तर 4k³ + 12k² + 11k + 3 हाती येतं आणि त्याचे अवयव पाडायला वेळ जातो.

प्रश्न : मुलीला शिकवताना मीच अडखळतो. P(k) खरं मानायचं म्हणजे जे सिद्ध करायचं तेच आधी मान्य केलं ना? (एक पालक)

उत्तर : नाही. सिद्ध करायचंय ते ‘प्रत्येक n साठी’. मानलंय ते कुठल्यातरी एका k साठी, आणि तेही फक्त ‘हे खरं असेल, तर पुढचंही खरं’ एवढं जोडवाक्य दाखवण्यापुरतं. P(k) खरं आहे असा दावा त्या पायरीत कुठेच नाही. वरच्या गणितात पहिल्या तिघांची बेरीज 35 आहे. त्यात 7² = 49 मिळवले की 84 होतात, आणि सूत्रही 4 × 7 × 9/3 = 84 देतं. तिसऱ्यावरून चौथं मिळालं. हीच कृती आकड्यांऐवजी k ने केली की ती सगळीकडे लागू पडते. मात्र गृहीतक लिहिताना ‘सर्व k साठी’ लिहू नका. तसं लिहिलं तर तुमची शंका खरी ठरते. मुलीच्या वहीत तेवढं तपासाच.

प्रश्न : मी P(k + 1) चं समीकरण लिहून दोन्ही बाजू सोडवत गेलो, शेवटी 0 = 0 आलं. तरी गुण कापले. का?

उत्तर : कारण तुझी सुरुवातच निष्कर्षापासून झाली. खोट्या समीकरणावरूनही खरं समीकरण मिळू शकतं: 1 = −1 घे, दोन्ही बाजूंचा वर्ग कर, 1 = 1 आलं. म्हणून एकच बाजू धरायची, बहुधा डावी, आणि ती दुसऱ्या बाजूपर्यंत न्यायची. कच्च्या कामात दोन्ही बाजू सोडवायला हरकत नाही. तुझ्या पायऱ्या उलट्याही चालत असतील तर त्याच खालून वर लिहून काढ, सिद्धता तयार होईल. आणि गृहीतक वापरलंस त्या ओळीसमोर ‘गृहीतकावरून’ लिहायला विसरू नकोस. तपासणाऱ्याची नजर तो शब्द शोधत असते.

प्रश्न : n = 1 ची ओळ निव्वळ औपचारिकता वाटते. गाळली तर?

उत्तर : गाळू नका. वरच्या सूत्राला 5 जोडून पाहा: n(2n − 1)(2n + 1)/3 + 5. दोन्हीकडे 5 तसेच राहतात, त्यामुळे k वरून k + 1 ची पायरी अगदी बिनचूक जमते. पण हे सूत्र एकाही n साठी खरं नाही. n = 1 ला ते 6 देतं, बेरीज मात्र 1 आहे. ही चूक फक्त आधार पायरीतच पकडली जाते. पहिल्या प्रश्नात याच्या नेमकं उलटं होतं: आधार जमला होता, पायरी जमत नव्हती.

प्रश्न : सूत्र दिलेलं असतं म्हणून आपण सिद्ध करतो. पण ते सुचलं कसं?

उत्तर : इंडक्शन ते सांगत नाही, दिलेलं सूत्र खरं आहे एवढंच पटवतं. हे सूत्र शोधायला पहिल्या n वर्गांची बेरीज n(n + 1)(2n + 1)/6 पुरते. ती आर्यभटांनी इ. स. ४९९ च्या आर्यभटीयात शब्दांत दिली आहे. 1 ते 2n पर्यंतच्या सगळ्या वर्गांतून सम संख्यांचे वर्ग वजा करा. सम संख्यांच्या वर्गांत 4 सामाईक निघतो, म्हणून

2n(2n + 1)(4n + 1)/6 − 4n(n + 1)(2n + 1)/6
= n(2n + 1)[(4n + 1) − 2(n + 1)]/3
= n(2n + 1)(2n − 1)/3.

फोटोतला n वाचताच आला नाही, तर तो या वाटेनेही परत मिळतो.