इंग्रजी प्रबंधात 'मे' कुठे आणि किती? द्राक्षाच्या २४ प्लॉटवरून

प्रश्न: मी नाशिकला एमएस्सी करते. निफाड तालुक्यातल्या २४ द्राक्षप्लॉटचा एका हंगामाचा डेटा आहे. १२ प्लॉटवर शेतकऱ्यांनी पाचटाचं मल्चिंग केलेलं, १२ वर नाही. सरासरी उत्पादन एकरी १०.४ टन आणि ९.६ टन आलं, पी-व्हॅल्यू ०.०३. पाण्याच्या वापरात फरक आला नाही. मी लिहिलं, 'मल्चिंग इन्क्रीजेस द यील्ड बाय कीपिंग द सॉइल मॉइस्ट, बट इट कॅनॉट सेव्ह वॉटर.' गाइड म्हणाले, फार ठाम आहे, हेज कर. मग सगळीकडे 'मे' आणि 'माइट' घातलं, तर म्हणाले, आता तू काहीच म्हणत नाहीस. विचार मराठीतूनच येतो. नेमकं कुठे आणि किती मवाळ लिहायचं?

उत्तर:

'मे' घालण्याआधी वाक्यातले दावे मोजा. पाण्याचा भाग तूर्त बाजूला ठेवला तरी तुमच्या वाक्यात तीन दावे एकमेकांवर रचलेले आहेत. मल्चिंगच्या प्लॉटमध्ये माल जास्त निघाला, हा पहिला. तो मल्चिंगमुळे जास्त निघाला, हा दुसरा. आणि ओलावा टिकल्यामुळे निघाला, हा तिसरा. पहिला तुम्ही वजनकाट्यावर मोजला आहे. दुसरा तुलनेवरून काढला आहे. तिसऱ्यासाठी तुम्ही मातीचा ओलावा मोजल्याचं लिहिलेलं नाही, म्हणजे तो तर्क आहे. तिघांचा पाया वेगवेगळा, म्हणून तिघांना भाषाही वेगवेगळी लागते. आधी तुम्ही तिघांनाही ठाम केलं, नंतर तिघांनाही डळमळीत. गाइडनी दोन्ही वेळा घेतलेली हरकत खरं तर एकच आहे.

पहिल्या दाव्याला 'मे' लागतच नाही. जे मोजलं ते सरळ सांगायचं, फक्त भूतकाळात: 'द मीन यील्ड वॉज हायर इन द मल्च्ड प्लॉट्स.' शाळेत 'सूर्य पूर्वेला उगवतो' या चालीवर शिकवलेलं असतं की वैज्ञानिक गोष्ट साध्या वर्तमानकाळात लिहावी, आणि आपण आपले स्वतःचे निष्कर्षही त्याच काळात लिहून टाकतो. 'इन्क्रीजेस' म्हटलं की वाचक ते सगळ्या बागांना, सगळ्या जमिनींना, सगळ्या वर्षांना लागू करतो. 'वॉज हायर' म्हटलं की दावा तुमच्या २४ प्लॉटपुरता आणि त्या हंगामापुरता राहतो. मराठीतही 'मल्चिंगने उत्पादन वाढतं' आणि 'या प्लॉटमध्ये उत्पादन जास्त आलं' यांत हाच फरक आहे, फक्त इंग्रजीत लिहिताना तो आपल्या हातून निसटतो. क्रियापदाचा काळ आणि 'इन वन सीझन'सारखी मर्यादा हे माझ्या मते सगळ्यात उपयोगी हेजिंग आहे, कारण शंका कुठे आहे ते त्यात नेमकं सांगितलेलं असतं. नुसतं 'मे' एवढंच सांगतं की लिहिणाऱ्याला खात्री नाही.

दुसऱ्या दाव्याशी पी-व्हॅल्यूची गल्लत होते. ०.०३ एवढंच सांगते की दोन गटांत खरोखर काही फरक नसता, तर इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता ३ टक्के होती. फरक कशामुळे पडला यावर ती गप्प असते. तुमच्याकडे मल्चिंग कोणी करायचं हे शेतकऱ्यांनीच ठरवलं. पदरचा पैसा घालून पाचट आणून पसरणारा माणूस खतं, फवारणी, छाटणी यांतही जास्त काटेकोर असू शकतो. मग वाढीव माल पाचटाचा की त्या काटेकोरपणाचा, हे या डेटातून वेगळं काढता येत नाही. म्हणून इथे क्रियापद बदलायचं: 'मल्चिंग वॉज असोसिएटेड विथ हायर यील्ड.' चिठ्ठ्या टाकून १२ प्लॉट निवडले असते आणि बाकी व्यवस्थापन सारखं ठेवलं असतं, तर 'मल्चिंग इन्क्रीज्ड द यील्ड इन दीज प्लॉट्स' चाललं असतं.

क्रियापदांची उतरंड मोठी पाठ करायची गरज नाही. 'प्रूव्ह' गणितासाठी सोडून द्या. आकडा थेट दाखवतो तिथे 'शो'. आकड्यावरून एक पाऊल पुढे जाता तिथे 'इंडिकेट', आणि तेच पाऊल लांबचं असेल तर 'सजेस्ट'. 'सजेस्ट' वापरताना कर्ता पाहा. 'द रिझल्ट्स सजेस्ट दॅट' म्हणजे निकालांवरून असं दिसतं. 'वुई सजेस्ट दॅट' लिहिलंत तर ते सल्ल्यासारखंही वाचलं जातं.

खरा मराठी घोळ तिसऱ्या दाव्यात होतो. ओलाव्याबद्दल मराठीत आपण सहज तीन प्रकारे बोलतो: ओलावा टिकला असेल, टिकला असावा, टिकू शकतो. तिन्हींत पुरेशी सावधगिरी आहे. पण शब्दाला शब्द लावून ती इंग्रजीत नेली की तिन्ही वाक्यं वेगळ्याच गावाला जातात.

'असेल'चं 'विल' होतं. 'द सॉइल विल हॅव रिटेन्ड मॉइश्चर' हे इंग्रजी वाचकाला जवळपास खात्रीचं विधान वाटतं. 'असावा'चं 'मस्ट हॅव' झालं, तर अर्थ होतो की दुसरं कुठलंच स्पष्टीकरण उरलेलं नाही. आणि 'शुड हॅव' झालं तर पंचाईतच, कारण 'द सॉइल शुड हॅव रिटेन्ड मॉइश्चर' यातून 'ओलावा टिकायला हवा होता, पण टिकला नाही' असाही अर्थ निघतो. 'शकतो'चं 'कॅन' होतं, आणि ही चूक सगळ्यात जास्त सापडते. 'मल्चिंग कॅन रिटेन मॉइश्चर' म्हणजे मल्चिंगने ओलावा टिकतो, असं घडतं हे माहीत आहे. हे सर्वसाधारण ज्ञानाचं वाक्य झालं. ते प्रस्तावनेत संदर्भ देऊन लिहायला हरकत नाही, पण तुमच्या प्लॉटमध्ये काय घडलं असेल याचा अंदाज ते सांगत नाही. या प्लॉटचा, होऊन गेलेल्या गोष्टीचा तर्क सांगायचा तर 'मे हॅव' आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप: 'बेटर मॉइश्चर मे हॅव काँट्रिब्यूटेड टू द डिफरन्स.' 'मे' की 'माइट' यावर रात्र घालवू नका. 'माइट' किंचित कमकुवत वाटतं, पण प्रबंधात त्यावरून सहसा कोणी अडवत नाही. 'कुड' मात्र जपून वापरा. मागे भूतकाळ असला की 'मल्चिंग कुड इन्क्रीज द यील्ड' हे 'वाढवू शकलं' असंही वाचलं जातं.

नकारात हाच घोळ जास्त महागात पडतो. 'पाणी वाचू शकत नाही' हे मराठीत बोलता बोलता निघून जातं, पण 'कॅनॉट सेव्ह वॉटर' म्हणजे पाणी वाचणं अशक्य आहे. 'मे नॉट सेव्ह वॉटर' केलं तर 'कदाचित वाचत नसेल' होतं. ते चुकीचं नाही, पण तुम्ही काय पाहिलं ते त्यात येत नाही. तुम्ही पाहिलं ते इतकंच: 'नो सिग्निफिकंट डिफरन्स इन वॉटर यूज वॉज डिटेक्टेड.' इथे 'डिटेक्टेड' हा शब्द मोलाचा आहे. एका गटात १२च प्लॉट असताना थोडाथोडका फरक असला तरी तो प्लॉटाप्लॉटांतल्या चढउतारात बुडून जाऊ शकतो. 'देअर वॉज नो डिफरन्स' लिहिलंत तर तो फरक नव्हताच असं तुम्ही छातीठोकपणे सांगितल्यासारखं होतं. शक्य असेल तर फरकाचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल द्या. तो शून्याच्या दोन्ही बाजूंना लांबवर पसरला असेल, तर पाण्याबद्दल हा अभ्यास फारसं सांगू शकत नाही हे वाचकाला आकड्यावरूनच कळतं.

एका ठिकाणी दोन-दोन हेज रचू नका. 'असं वाटतं की कदाचित ओलाव्यामुळे असावं' हे मराठीत शालीन वाटतं, पण 'इट सीम्स दॅट इट मे पॉसिबली बी' हे इंग्रजीत अंग चोरणं होतं. मात्र शंका दोन असतील तर हेजही दोन हवेत. 'मे बी पार्टली ड्यू टू' यात 'मे' सांगतं की हे कारण आहे का याची खात्री नाही, आणि 'पार्टली' सांगतं की असलं तरी तेवढंच एक कारण नसावं. ते बरोबर आहे. 'लाइकली' हा शब्द मात्र फुकट वापरू नका. हवामान बदलावरच्या आयपीसीसीच्या अहवालांत त्याला मोजमाप आहे: 'लाइकली' म्हणजे किमान ६६ टक्के शक्यता, 'व्हेरी लाइकली' म्हणजे किमान ९०. प्रबंधात असा आकडा नसतो, पण इतर शक्यतांपेक्षा हीच जास्त का, याचं कारण त्याच परिच्छेदात द्यावं लागतं. ते देता येत नसेल तर 'मे'वर थांबा.

हे सगळं धरून तुमचा परिच्छेद असा होईल:

'द मीन यील्ड वॉज हायर इन द ट्वेल्व्ह मल्च्ड प्लॉट्स दॅन इन द ट्वेल्व्ह अनमल्च्ड प्लॉट्स, १०.४ अगेन्स्ट ९.६ टन्स पर एकर. बिकॉज द ग्रोअर्स देमसेल्व्ह्ज डिसायडेड व्हेदर टू मल्च, अदर डिफरन्सेस इन मॅनेजमेंट मे आल्सो हॅव काँट्रिब्यूटेड. द हायर यील्ड मे बी पार्टली ड्यू टू बेटर सॉइल मॉइश्चर, विच वॉज नॉट मेझर्ड हिअर. नो सिग्निफिकंट डिफरन्स इन वॉटर यूज वॉज डिटेक्टेड.'

चार वाक्यं, 'मे' फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा त्याच वाक्यात शंकेचं कारणही दिलेलं. पहिल्या आणि शेवटच्या वाक्यात तो नाही, कारण तिथे तुम्ही पाहिलेलं सांगताय. 'विच वॉज नॉट मेझर्ड हिअर' लिहायला संकोच वाटेल, पण तो तुकडा ठेवा. परीक्षक तोच प्रश्न विचारणार असतो.

बाकी प्रबंध तपासताना फाइलमध्ये कंट्रोल-एफ करून आधी 'कॅन', 'विल', 'मस्ट' आणि 'शुड' शोधा. प्रत्येक ठिकाणी मनातलं मराठी वाक्य परत आठवा. तिथे अंदाजाचा 'असेल', 'असावा' किंवा 'शकतो' असेल तर 'मे' करा. 'शकतो' क्षमतेचा असेल, जसं की 'हे मीटर ताशी प्रवाह मोजू शकतं', तर 'कॅन'च बरोबर. मग 'प्रूव्ह', 'ऑलवेज' आणि 'डेफिनेटली' शोधा. यातले बहुतेक सरळ खोडता येतात. पद्धतीच्या प्रकरणात उलट तपासणी करा: तिथे 'अबाउट', 'सम' आणि 'अराउंड' नकोत. किती प्लॉट, कोणत्या तारखांना, किती घड तोलले, ते आकड्यातच हवं.

शेवटी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट आणि शीर्षक पाहा. शब्दमर्यादेत बसवताना पहिला बळी 'मे' आणि 'असोसिएटेड'चा जातो, आणि आत सांभाळून लिहिलेला दावा वर परत ठाम होऊन बसतो. शीर्षकात 'इफेक्ट ऑफ मल्चिंग ऑन यील्ड' असेल तर 'इफेक्ट' हा शब्दच कारण गृहीत धरतो. 'मल्चिंग अँड ग्रेप यील्ड इन २४ प्लॉट्स इन निफाड तालुका' हे दिसायला साधं, पण तुमच्या डेटाला पेलणारं आहे. विद्यापीठाकडे शीर्षक आधीच नोंदवलं असेल आणि ते बदलता येत नसेल, तर अ‍ॅब्स्ट्रॅक्टच्या पहिल्या दोन वाक्यांतच लिहून टाका की प्लॉटची निवड शेतकऱ्यांची होती आणि डेटा एकाच हंगामाचा आहे.