मध्य कोणी ठरवायचा? मिस्कवैह आणि गझाली वाचणाऱ्यास पत्र

प्रिय अभ्यासक,

तुझे पत्र वाचले. मिस्कवैहच्या ‘तहजीब अल्-अखलाक’ या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात पानोपानी ॲरिस्टॉटल, प्लेटो आणि ग्रीक वैद्य गॅलन भेटतात, कुराणातल्या आयती मात्र क्वचितच, म्हणून हा ‘ग्रीक विचारांना दिलेला इस्लामी मुलामा’ आहे असे तुझे मत झाले आहे. सुरुवातीला असे वाटणे साहजिक आहे, आणि काही प्रकरणांपुरते ते खरेही आहे. पण उसने काय घेतले याची यादी करून इस्लामी नीतिविचाराच्या या परंपरेचा उलगडा होत नाही. उसनी घेतलेली व्याख्या कोणत्या प्रश्नापाशी अपुरी पडते आणि ती उणीव कशाने भरून काढली जाते, हे पाहावे लागते. मिस्कवैह आणि गझाली या दोघांपुरतेच मी ते दाखवतो.

मिस्कवैहचा जन्म इराणातल्या रय शहरी साधारण 932 साली झाला आणि 1030 साली तो वारला. बुवयही या तिथल्या राजघराण्याच्या वजिरांच्या पदरी तो ग्रंथपाल होता. वजीर इब्न अल्-अमीद याचा मोठा ग्रंथसंग्रह त्याच्या हाताखाली होता. ॲरिस्टॉटलचे नीतिशास्त्र त्याच्या आधीच्या शतकात इसहाक इब्न हुनैनने अरबीत आणले होते, आणि स्वभावावरचा गॅलनचा ग्रंथही अरबीत उपलब्ध होता. गॅलनकडूनच त्याने आपली पायाभूत व्याख्या घेतली: स्वभाव म्हणजे मनाची अशी स्थिती, जिच्यामुळे माणसाकडून विचार किंवा चर्चा न करता कृती घडते. एखाद्या वेळी पैसे दिले म्हणून कोणी उदार ठरत नाही. देताना ज्याच्या मनात ओढाताण होत नाही, तो उदार.

या व्याख्येतून लगेच प्रश्न उभा राहतो की, कृती आपोआप घडत असेल तर ती बदलता येईल का? मिस्कवैहने जुनी मते मांडून त्यांवर एक साधे अनुमान ठेवले आहे. प्रत्येक स्वभाव बदलू शकतो. जे बदलू शकते ते निसर्गदत्त नसते. म्हणून कोणताही स्वभाव निसर्गदत्त नाही. पहिले विधान तो रोजच्या अनुभवावर टेकवतो: स्वभाव बदलत नसता, तर मुलांना वळण लावण्यात आणि धर्माने आज्ञा देण्यात काही अर्थच उरला नसता. धर्मशास्त्राची गरज आणि ग्रीक मानसशास्त्र येथे एकाच युक्तिवादात गुंतलेली आहेत. आयत एकही नाही, पण मिलाफ झालेला आहे.

याहून चांगला नमुना मैत्री आणि स्नेहावरच्या प्रकरणात आहे. माणूस स्वभावतःच समाजशील आहे आणि एकट्याने सद्गुणी होता येत नाही, हे ॲरिस्टॉटलचे म्हणणे मिस्कवैह पूर्णपणे स्वीकारतो, इतके की डोंगरात किंवा गुहेत जाऊन राहणाऱ्या विरक्तांवर तो कठोर टीका करतो. ज्याच्यासमोर मोहच नाही त्याचा संयम कोणी पाहिला, आणि ज्याचा कोणाशी व्यवहारच नाही त्याला न्यायी कसे म्हणायचे, असा त्याचा रोख आहे. मग हा स्नेह वाढवायचा कसा? येथे तो धर्मविधींकडे वळतो. एका मोहल्ल्यातली माणसे दिवसातून पाच वेळा मशिदीत एकत्र येतात, एका शहरातली आठवड्यातून एकदा जुम्म्याला, शहर आणि भोवतालच्या खेड्यांतली वर्षातून दोनदा ईदला, आणि निरनिराळ्या देशांतली आयुष्यात एकदा मक्केला. माणसांमधली आपुलकी जागी राहावी म्हणून धर्माने ही रचना केली, असे तो सांगतो. ॲरिस्टॉटलला नगरापुरता पुरेसा वाटलेला स्नेह येथे क्रमाक्रमाने साऱ्या जगातल्या श्रद्धावंतांपर्यंत पोहोचतो, आणि तेथवर जाण्याचा मार्गही ग्रीक ग्रंथात नसलेला आहे.

मात्र यात एक अडचण आहे आणि ती तुझ्या नजरेतून सुटू नये. नमाजाचा हेतू आपुलकी वाढवणे हा असेल, तर ती अन्य मार्गाने वाढल्यावर नमाजाचे काय? मिस्कवैह हा प्रश्न स्वतःला विचारत नाही. तत्त्वज्ञानाने विधीचे स्पष्टीकरण दिले की विधी त्या स्पष्टीकरणावर अवलंबून राहतो, आणि धर्मशास्त्र्यांना या पद्धतीची धास्ती वाटावी याचे एक कारण हेच असावे, असे माझे मत आहे.

आता गझालीकडे ये. तूस येथे 1058 साली जन्मलेला, 1091 मध्ये बगदादच्या निझामिया मदरशात नेमला गेलेला आणि 1095 मध्ये ते पद सोडून निघून गेलेला हा माणूस तत्त्वज्ञांचा टीकाकार म्हणून तुला माहीत आहे. तरीही ‘इह्या उलूम अद्-दीन’ या त्याच्या चाळीस पुस्तकांच्या ग्रंथातले बाविसावे पुस्तक उघड. मनाला शिस्त लावणे हा त्याचा विषय आहे आणि स्वभावाची व्याख्या जवळजवळ तीच आहे: मनात रुजलेली अशी स्थिती, जिच्यातून विचाराची गरज न पडता कृती सहज घडतात. विवेक, क्रोध आणि वासना या तीन शक्ती व त्यांच्यातला समतोल, त्यांतून निघणारे शहाणपण, शौर्य, संयम आणि न्याय हे चार सद्गुण, प्रत्येक सद्गुण दोन टोकांच्या मध्ये, म्हणजे ‘मध्या’वर असणे, हे सारे येथेही आहे. मिस्कवैहचे नाव मात्र तो घेत नाही. हा आराखडा त्याच्यापर्यंत बराचसा रागिब अल्-इस्फहानी या नीतिविषयक लेखकाच्या लेखनातून आला, असे अभ्यासक मानतात. आपल्या आत्मवृत्तात तो म्हणतो की, तत्त्वज्ञांच्या नीतिविचारातला चांगला भाग सूफींकडूनच उचललेला आहे. इतिहास म्हणून हे टिकत नाही. पण त्याच जागी तो हेही बजावतो की, एखादी गोष्ट तत्त्वज्ञांच्या पुस्तकात सापडली एवढ्याच कारणाने ती टाकून देणे हा अडाणीपणा आहे.

बदल कोठे झाला हे पाहण्यासाठी एकच धागा धर: मध्य कोण ठरवणार? ॲरिस्टॉटलचे उत्तर असे की, शहाणा माणूस जसा ठरवील तसा. हे उत्तर वर्तुळाकार आहे, कारण शहाणा कोण हे ठरवायलाही मध्य माहीत असावा लागतो. गझाली यावर दोन बाजूंनी काम करतो.

पहिली बाजू कुराणाची. उधळे नव्हेत आणि कंजूषही नव्हेत, दोन्हींच्या मध्ये राहणारे (25:67), ही आयत तो औदार्याच्या मध्यासाठी पुढे ठेवतो. रागाबाबत तो दाखवून देतो की, कुराणाने राग आवरणाऱ्यांची स्तुती केली आहे (3:134), ज्यांना राग येतच नाही त्यांची नव्हे. म्हणजे राग समूळ उपटायचा नसून त्याला विवेकाच्या ताब्यात ठेवायचे आहे. सर्वांत कौशल्याचे काम त्याने 49:15 या आयतीवर केले आहे. अल्लाह आणि पैगंबरावर शंका न ठेवता श्रद्धा ठेवणारे आणि आपल्या धनाने व प्राणाने झटणारे, असे तेथले वर्णन आहे. गझालीच्या वाचनात निःशंक श्रद्धा म्हणजे शहाणपण, धनाने झटणे म्हणजे वासनेला आवरणारे औदार्य, आणि प्राणाने झटणे म्हणजे विवेकाधीन क्रोध, अर्थात शौर्य. प्लेटोची मनाची त्रिविध विभागणी एका आयतीत जशीच्या तशी बसली. हे वाचन ओढूनताणून केलेले आहे की नाही, हे तू स्वतः आयतीचा मागचापुढचा संदर्भ वाचून ठरव. मला ते चतुर वाटते, पण आयतीतून निघालेले वाटत नाही.

दुसरी बाजू अधिक खोल आहे. गझाली कबूल करतो की अचूक मध्य माणसाला जवळजवळ गाठताच येत नाही. परलोकातला केसाहून बारीक आणि तलवारीहून धारदार पूल त्याला येथे आठवतो. म्हणूनच, तो म्हणतो, श्रद्धावंताने रोज सतरा वेळा ‘आम्हांला सरळ मार्ग दाखव’ अशी याचना करायची असते. पाच फर्ज, म्हणजे सक्तीच्या, नमाजांच्या रकाती, म्हणजे आवर्तने, 2, 4, 4, 3 आणि 4 मिळून सतरा होतात आणि प्रत्येकीत ही याचना असलेले कुराणाचे पहिले प्रकरण, फातिहा, म्हटले जाते, हा त्यामागचा हिशेब. ॲरिस्टॉटलच्या शहाण्या माणसाला मध्य सापडल्याची खात्री असते. गझालीच्या साधकाला ती कधीच मिळत नाही. आराखडा तोच राहिला, पण त्यात उभा असलेला माणूस बदलला.

हा बदललेला माणूस सर्वांत स्पष्ट दिसतो तो नम्रतेच्या चर्चेत. ॲरिस्टॉटलच्या यादीत मोठ्या मनाचा माणूस आहे, जो स्वतःला मोठ्या मानाला पात्र समजतो आणि खरोखरच पात्र असतो. गझाली त्याला तसाच ठेवू शकत नाही, कारण मानाची हाव आणि दिखाऊ धर्माचरण हे त्याच्या लेखी हृदयाचे रोग आहेत. मग तो नम्रतेलाच मध्य बनवतो: एका टोकाला गर्व, दुसऱ्या टोकाला लाचारी. ‘इह्या’तले त्याचे उदाहरण पाहा. एका विद्वानाकडे चांभार आला. विद्वानाने उठून आपली बैठक त्याला दिली, निघताना त्याचे जोडे नीट मांडून ठेवले आणि दारापर्यंत त्याच्यामागे चालत गेला. गझाली याला नम्रता म्हणत नाही, ही स्वतःची मानहानी आहे असे म्हणतो. चांभाराशी हसतमुखाने आणि मृदुपणे बोलावे, त्याचे आमंत्रण स्वीकारावे, त्याचे काम करावे, आणि स्वतःला त्याच्याहून श्रेष्ठ समजू नये, कारण शेवट कोणाचा कसा होईल हे ठाऊक नाही.

यातली शेवटची अट ग्रीक नाही. अखेरच्या श्वासापर्यंत कोणाचे पारडे जड हे कळत नाही, हा विचार निवाड्याच्या दिवसावरच्या श्रद्धेतून येतो. उलट विद्वान आणि चांभार यांना वेगवेगळे वागवण्याचा भाग त्या काळच्या समाजातून आला आहे, आणि गझालीला तो खटकत नाही. आपल्याला तो खटकावा, पण उदाहरण टाळून पुढे जाऊ नये, कारण मध्य ठरवताना समाजाची उतरंड किती सहज आत शिरते, हे येथेच उघडे पडते.

‘तहजीब’ परत हाती घेशील तेव्हा आयती मोजत बसू नकोस. न्यायाचे प्रकरण घाईने वाचलेस तरी चालेल, कारण ते खरोखरच बरेचसे ॲरिस्टॉटलचे आहे. मैत्रीच्या प्रकरणावर मात्र वेळ घालव, आणि त्यानंतर ‘इह्या’चे बाविसावे पुस्तक घे. या दोघांनंतर नसीरुद्दीन तूसीचा 1235च्या सुमारास लिहिलेला फार्सी ‘अखलाक-इ-नासिरी’ वाच. त्याला मिस्कवैहचे भाषांतर करायला सांगितले होते. त्याने ते न करता कुटुंब आणि राज्य हे दोन भाग जोडून नवा ग्रंथ रचला. अबुल फजलच्या नोंदीप्रमाणे अकबराला वाचून दाखवल्या जाणाऱ्या ग्रंथांत तो होता. तूसीने मिस्कवैहकडून घेतलेला पहिला भाग ‘तहजीब’शेजारी ठेवून वाचलास, तर कोणते परिच्छेद त्याने वगळले यावर मला सविस्तर लिही.

तुझा शुभेच्छुक